इतिवृत्तात ‘होणार’चं ‘झाले’ का होतं, आणि ते कसं थांबवायचं

तक्रार नेहमीची आहे. सभा सुरू होते. विषय क्रमांक १, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. सेक्रेटरी वाचायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला कुणीतरी संचालक हात वर करतात: ‘मी असा बोलूकच नाय.’ सेक्रेटरी म्हणतात, तुम्हीच बोललात, मी समोर बसून लिहून घेतलंय. अर्धा तास त्यात जातो. गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं. माणूस तोच, विषय तोच, शब्दही जवळजवळ तेच. फक्त क्रियापदाचा काळ फिरलेला असतो, आणि काळ फिरला की ‘करणार आहे’ म्हणणारा माणूस ‘केलं’ म्हणाल्यासारखा वहीत अडकतो.

हे दुखणं किनारपट्टीवरच्या मच्छीमार सोसायट्या, वाडीच्या पाणी समित्या, देवस्थानं, शाळा समित्या अशा सगळ्यांकडे दिसतं. आपल्याकडे ते जरा जास्तच दिसतं. सभा चालते मालवणीत आणि इतिवृत्त लिहायचं प्रमाण मराठीत, त्यामुळे प्रत्येक वाक्याला मध्ये एक उडी मारावी लागते. त्या उडीतच काळ निसटतो. तो नेमका कुठे निसटतो हे एका नमुन्यावरून पाहू.

नमुना: बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर

सिंधुदुर्गातली एक मच्छीमार सहकारी सोसायटी धरा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सोसायटीची दुरुस्तीची सगळी कामं याच दोन महिन्यांत उरकायची असतात. १ ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या आणि सोसायटीचा बर्फ तयार नसला, तर सभासद बाहेरून चढ्या भावाने लाद्या घेतात आणि मग वार्षिक सभेत जाब विचारतात. व्यवस्थापक समितीची सभा आहे १२ जुलैला. बर्फ कारखान्याचं काम बघणारे संचालक उठून सांगतात:

‘तात्यांनू, मिस्त्रीक सांगलंय. तो परवा येता. कॉम्प्रेसर खोलतलो, व्हॉल्व्ह बघतलो. कोल्हापुरसून भाग मिळाले तर पंधरा दिवसात कारखानो सुरू झालो म्हणान समजा. पैशांचा काय ता मी बघतंय.’

सभेत बसलेल्या प्रत्येकाला हे नीट कळलेलं असतं. आता वहीत काय उतरतं ते बघा. पुढचा उतारा नमुन्यासाठी रचलेला आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य ज्या तऱ्हेने चुकलंय त्या तऱ्हेची वाक्यं कुठल्याही वहीत सापडतील:

‘संचालकांनी सांगितले की, मिस्त्री परवा आले होते. कॉम्प्रेसर खोलून व्हॉल्व्ह तपासण्यात आले. कोल्हापूरहून भाग मिळाले. पंधरा दिवसांत कारखाना सुरू झाला. पैशांचे मी बघत आहे. त्यानुसार सर्वानुमते कॉम्प्रेसरची दुरुस्ती करण्यात आली.’

हे इतिवृत्त सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षकाच्या हातात पडलं तर त्याला काय दिसेल? १२ जुलैच्या आधीच मिस्त्री येऊन गेला, भाग मिळाले, दुरुस्ती झाली, कारखाना चालू. मग बिल ऑगस्टचं कसं? आणि ज्या संचालकाने फक्त निरोप दिला होता, त्याच्या तोंडी पूर्ण झालेलं काम बसलं. कारखाना १ ऑगस्टला बंदच राहिला, तर सभासद हीच वही पुढे करून विचारणार, तुम्हीच सांगितलंत ना सुरू झाला म्हणून?

हे होतं कशामुळे

पहिलं कारण म्हणजे अर्धवट लक्षात राहिलेला नियम. ‘इतिवृत्त भूतकाळात लिहायचं’ हे सेक्रेटरीला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते चूक नाही. कंपन्यांच्या सभांसाठी भारतीय कंपनी सचिव संस्थेची जी सचिवीय मानकं आहेत, त्यांत हा नियम स्पष्ट आहे: इतिवृत्त तृतीय पुरुषात आणि भूतकाळात लिहावं, ठराव मात्र वर्तमानकाळात. आपल्याकडच्या आंबा-काजूच्या शेतकरी उत्पादक कंपन्या कंपनी कायद्याखाली येतात, त्यांनी या मानकांकडे बघायला हवं. मच्छीमार सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे ही मानकं त्यांना लागू नाहीत. तरी ही रीत चांगली आहे आणि बहुतेक ठिकाणी तीच चालते. अडचण अशी की भूतकाळ लागतो तो सभेत जे घडलं त्याला. सभेत काय घडलं? कुणी सांगितलं, कुणी विचारलं, कुणी सूचना केली, सभेने मंजुरी दिली. ही क्रियापदं भूतकाळात. त्या सांगण्याच्या पोटात जे आहे, मिस्त्रीचं येणं, कारखान्याचं सुरू होणं, ते सभेत घडलेलं नाही. त्याला सेक्रेटरीने भूतकाळ लावायचं कारणच नाही.

दुसरं कारण शाळेतलं. इंग्रजीच्या तासाला आपण सगळ्यांनी डायरेक्ट-इनडायरेक्ट घोटलेलं असतं. तिथे ‘तो म्हणाला’ असं भूतकाळात आलं की आतलं वाक्यही एक पायरी मागे सरकतं: ‘आहे’चं ‘होतं’, ‘आलाय’चं ‘आला होता’. इंग्रजी वाचणाऱ्याला ती सवय असते, त्यामुळे तिथे अर्थ बिघडत नाही. मराठीला ही पायरीच नाही. ‘तो म्हणाला की काम चालू आहे’ म्हणजे तो बोलला तेव्हा काम चालू होतं, एवढंच. आता हेच वाक्य इंग्रजीच्या सवयीने मागे सरकवून ‘तो म्हणाला की काम चालू होते’ असं लिहिलं, तर मराठी वाचणारा लगेच विचारतो, होतं म्हणजे? आता बंद पडलं की काय? मराठीत आतल्या वाक्याचा काळ बोलणाऱ्याच्या जागेवरून मोजला जातो. तो मागे सरकवला की शिष्टाचार पाळला जात नाही, बातमी बदलते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बोलताना आपण काळाची रूपं सरळ वापरतच नाही. वरच्या संचालकाचं बोलणं पुन्हा वाचा. ‘सुरू झालो म्हणान समजा.’ रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा. दारातून कुणी हाक मारली की आपण जागेवरून न हलता ‘आलो, आलो’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. ‘बिल भरलंच म्हणून समजा’, ‘गाडी आलीच’, ‘तुमचं काम झालं’ ही सगळी आश्वासनं आहेत. कागदावर ‘समजा’ गळून पडतं आणि ‘बिल भरले’ उरतं.

‘भाग मिळाले तर’ हेही तसंच. ‘तर’च्या आधी मराठीत भूतकाळाचं रूप येतं, आणि सेक्रेटरीने घाईत टिपण करताना ‘तर’ सोडला की उरलेलं वाक्य पक्क्या बातमीसारखं दिसतं: भाग मिळाले. माझ्या मते इतिवृत्तात गाळायला सगळ्यात महागडा शब्द हा ‘तर’ आहे, कारण तो गेला की नुसता काळ बदलत नाही, अटीवर दिलेला शब्द बिनशर्त होतो.

आणि मालवणीतलं ‘बघतंय’. ‘मी बघतंय’ म्हणजे प्रमाण मराठीत ‘मी बघतो’, आणि बहुतेक वेळा ‘पुढे बघेन’ या अर्थाने. पण घाटावरून आलेल्या सेक्रेटरीच्या कानाला ‘बघतंय’ म्हणजे ‘बघत आहे’ असं ऐकू येतं. गावचाच सेक्रेटरी असला तरी शुद्ध लिहायच्या नादात तोही ‘बघत आहे’ लिहून मोकळा होतो. ‘परवा मिस्त्रीक हाडतंय’ याचं ‘मिस्त्रीला आणत आहे’ होतं, आणि पुढच्या वाचकाला वाटतं मिस्त्री वाटेवर आहे. मालवणीत स्पष्ट भविष्य सांगायचं असलं की ‘करतलंय’, ‘येतलो’ अशी रूपं येतात, त्यांत गोंधळ होत नाही. गोंधळ ‘करतंय’, ‘येता’ यांचाच होतो. टिपण घेताना ही दोन रूपं कानावर पडली की पेन थांबवायचा आणि विचारायचं.

यात ‘परवा’ने भर घातलेली असते. ‘काल’ आणि ‘उद्या’ मराठीत वेगळे आहेत, पण ‘परवा’ दोन्हीकडे चालतो, येऊन गेलेला परवा आणि येणारा परवा. तो कुठला हे फक्त क्रियापद सांगतं. म्हणजे क्रियापदाचा काळ चुकला की तारीखही चार दिवसांनी मागे जाते, १४ जुलैची १० जुलै होते. वरच्या चुकीच्या उताऱ्यात ‘मिस्त्री परवा आले होते’ याने नेमकं हेच झालंय.

टिपण घेतानाच करायचं काम

सभा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी इतिवृत्त लिहायला बसलात, तर कच्च्या वहीतल्या ‘कॉम्प्रेसर – मिस्त्री – परवा – १५ दिवस’ या ओळीतून काळ परत मिळत नाही. तो सभेतच पकडावा लागतो. त्यासाठी समासात एका अक्षराची खूण पुरते: ‘झा’ म्हणजे बोलण्याच्या क्षणी झालेलं, ‘चा’ म्हणजे तेव्हा चालू असलेलं, ‘हो’ म्हणजे होणार. अट असली तर खुणेपुढे ‘तर’ लिहायचं आणि कशावर अवलंबून आहे ते एका शब्दात. नमुन्यातली ओळ अशी दिसेल: मिस्त्रीला निरोप (झा), मिस्त्री येणं १४/७ (हो), तपासणी (हो), कारखाना सुरू (हो, तर – भाग).

तारखेचं तिथल्या तिथे विचारायचं. ‘नुसता परवा नको, तारीख सांगा’ असं चेअरमनसमोर विचारायला संकोच वाटतो, पण विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही. ‘पंधरा दिवसात’ याचंही तसंच आहे. सभेपासून मोजले तर २७ जुलै येतो, मिस्त्री आल्यापासून मोजले तर २९ जुलै, आणि भाग कोल्हापूरहून आल्यापासून मोजले तर कदाचित ऑगस्ट उजाडेल. हंगाम १ ऑगस्टला सुरू होत असताना हा फरक साधा नाही. बोलणाऱ्यालाच विचारा, ‘कधीपासून पंधरा?’ आणि त्याचं उत्तर लिहा.

‘पैशांचा मी बघतंय’ यालाही एक प्रश्न लागतो. स्वतःच्या खिशातून देणार, की बँकेतून काढायची व्यवस्था करणार? हा प्रश्न काळाचा नाही, पण न विचारता लिहिलं तर पुढे काळापेक्षा मोठा वाद होतो.

लिहिताना: असल्याचे, झाल्याचे, होणार असल्याचे

वर्तमानपत्रातली आणि सरकारी पत्रातली मराठी ज्या रूपांवर चालते, ती इतिवृत्ताला फार उपयोगी पडतात, कारण त्यांना स्वतःचा काळ नसतो. ती ‘सांगितले’ला धरून चालतात. काम चालू असल्याचे सांगितले: सांगताना चालू. काम झाल्याचे सांगितले: सांगण्याआधी पूर्ण. काम होणार असल्याचे सांगितले: सांगण्यानंतर होणार. बाहेरचं ‘सांगितले’ भूतकाळात राहतं, म्हणजे नियमही पाळला जातो, आणि आतला काळ बोलणाऱ्याच्या जागेवरच राहतो. समासातली ‘झा’, ‘चा’, ‘हो’ ही खूण थेट या तीन रूपांत बदलता येते.

आणखी एक फायदा होतो, तो ‘मी’चा. ‘संचालकांनी सांगितले की मी बघतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, हा मी कोण, संचालक की लिहिणारा सेक्रेटरी? ‘आपण’ तर आणखी फसवा: त्यात बोलणारा, ऐकणारा, सगळी समिती, काहीही बसतं. ‘असल्याचे’ने वाक्य बांधलं की बहुतेक वेळा ‘मी’ आपोआप बाहेर पडतो. जिथे कोण करणार हे सांगायलाच हवं, तिथे पदाचं नाव घालायचं.

विचारल्यावर पंधरा दिवस मिस्त्री आल्यापासून आणि पैसे बँकेतून, असं उत्तर मिळालं असं धरलं, तर नमुन्यातलं बोलणं आता असं लिहिता येईल:

‘बर्फ कारखान्याचे काम पाहणाऱ्या संचालकांनी, कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीसाठी मिस्त्रीला कळवले असल्याचे व तो दि. १४ जुलै रोजी येऊन कॉम्प्रेसर व व्हॉल्व्ह यांची तपासणी करणार असल्याचे सांगितले. आवश्यक भाग कोल्हापूरहून वेळेत मिळाल्यास दि. २९ जुलैपर्यंत कारखाना सुरू होणे अपेक्षित असल्याचे त्यांनी नमूद केले. दुरुस्तीच्या खर्चासाठी बँकेतून रक्कम काढण्याची कार्यवाही ते स्वतः करणार असल्याचेही त्यांनी सांगितले.’

‘भाग मिळाले तर’चं ‘मिळाल्यास’ झालं, म्हणजे अट राहिली. ‘सुरू झालो म्हणान समजा’चं ‘अपेक्षित’ झालं, कारण त्या बोलण्यात खात्रीपेक्षा धीर देणं जास्त होतं. इथे ‘सुरू होणार असल्याचे’ लिहिलं असतं तर काळ बरोबर आला असता, पण माणसाने दिलेल्या शब्दापेक्षा कागदावरचा शब्द पक्का झाला असता. काळ नीट करता करता खात्रीची पातळी चढवायची नाही, हे जपायला हवं.

प्रश्न आणि सूचना यांना वेगळी बांधणी लागते. कुणी विचारलं, ‘बर्फ कधी मिळतलो?’ तर ‘बर्फ कधी मिळणार, अशी विचारणा सभासद प्रतिनिधींनी केली’. इथे ‘मिळणार’ तसाच राहतो, ‘मिळणार होता’ नाही. ‘मिळणार होता’ म्हटलं की मिळाला नाही असा सूर लागतो. सूचना ‘करावे’ने: ‘दुसऱ्या मिस्त्रीकडूनही दरपत्रक घ्यावे, अशी सूचना व्हाइस चेअरमन यांनी केली’. ‘घेण्यात आले’ नको.

‘असल्याचे’ जिथे पुरत नाही

त्याच सभेत दुसरे संचालक म्हणाले, ‘गेल्या वर्साक ह्योच कॉम्प्रेसर बंद होतो.’ याचं ‘कॉम्प्रेसर बंद असल्याचे सांगितले’ केलं तर गेलं वर्ष पुसलं गेलं आणि कॉम्प्रेसर आज बंद असल्याची बातमी झाली. ‘असल्याचे’मध्ये ‘आहे’ आणि ‘होता’ एकत्र मिसळतात. हा त्या रूपाचा दोष आहे आणि त्याच्यावर इलाज नाही. जिथे बोलणारा खरंच आधीच्या, संपलेल्या काळाबद्दल बोलतोय, तिथे पूर्ण क्रियापद ठेवून शेवटी ‘असे’ लावा: ‘गेल्या हंगामातही हाच कॉम्प्रेसर बंद होता, असे दुसऱ्या संचालकांनी निदर्शनास आणले.’ काळ सांगणारा शब्द, इथे ‘गेल्या हंगामात’, वाक्याच्या तोंडाशी ठेवला की वाचणारा चुकत नाही.

‘होता’ मराठीत ठेवायचा तो असा, बोलणाऱ्याच्या तोंडून ‘होता’ आला असेल तेव्हाच. सेक्रेटरीने स्वतःहून एकही ‘होता’ घालायचा नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धे वाद मिटतात.

दुसरी अडचण वाचनाची. एकच माणूस दहा वाक्यं बोलला आणि दहाही ‘असल्याचे’ने संपली तर वाचताना दम लागतो. लांब निवेदन असेल, हिशोबनिसाने जमा-खर्च सांगितला असेल, तर वर एकदा लिहा: ‘हिशोबनिसांनी दि. १२ जुलै रोजीच्या स्थितीची पुढील माहिती दिली’ आणि खाली साधी वर्तमानकाळातली वाक्यं द्या: ‘बँकेत इतकी शिल्लक आहे. इतकी येणी बाकी आहेत.’ वर तारीख बांधलेली असल्याने खालचा ‘आहे’ त्या दिवसाचाच ‘आहे’ ठरतो. तारीख न घालता हे करू नका. मग ‘बाकी आहेत’ हे वाक्य वही उघडाल तेव्हा ताजं वाटतं.

ठरावाच्या वाक्यात ‘करण्यात आले’

सगळ्यात महागात पडणारी जागा ही. ‘सर्वानुमते कॉम्प्रेसरची दुरुस्ती करण्यात आली.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, दुरुस्ती करायचं ठरलं. कागद सांगतो, दुरुस्ती झाली. समिती सभेत बसून दुरुस्ती करत नाही. समिती सभेत जे करू शकते तेवढ्यालाच ‘करण्यात आले’ लावता येतं: चर्चा करण्यात आली, मंजुरी देण्यात आली, उपसमिती नेमण्यात आली, इतिवृत्त कायम करण्यात आले. टेबलाशी बसल्या बसल्या जे होऊ शकत नाही, रंग देणं, बिल भरणं, जाळी घेणं, गाळ काढणं, त्याला ‘करण्याचे ठरले’ किंवा ‘करण्यात यावे’.

लिहून झाल्यावर वहीत फक्त ‘आली’, ‘आले’, ‘आला’ शोधा आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: हे सभेच्या खोलीत होण्यासारखं होतं का? संगणकावर टंकलेलं असेल तर शब्द शोधून बघायला काही मिनिटं पुरतात.

ठरावाचा मजकूर वेगळा ठेवणं उत्तम. शासन निर्णय बघा, त्यात ‘मान्यता देण्यात येत आहे’ असं वर्तमानकाळी वाक्य असतं, कारण ते वाक्यच मान्यता देतं. ठरावालाही तेच शोभतं:

‘ठराव क्र. ४: बर्फ कारखान्याच्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती करून घेण्यात यावी. त्यासाठी रु. ४५,००० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. दुरुस्तीचे बिल मिळाल्यानंतर ते व्यवस्थापक समितीपुढे ठेवावे.’

खाली सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर झाला’ हे भूतकाळात. मंजूर होणं त्या खोलीत घडलं, म्हणून भूतकाळ. दुरुस्ती घडायची आहे, म्हणून ‘यावी’. खर्चाची मंजुरी ठरावाच्या शब्दांनीच मिळते, म्हणून ‘येत आहे’. बँकेला किंवा मत्स्यव्यवसाय खात्याला ठरावाची नक्कल द्यायची वेळ आली, तर हा तुकडा सुटा उचलून देता येतो आणि त्यात आगेमागे काही समजावून सांगावं लागत नाही.

नंतर कळलेलं मागच्या तारखेत घालू नका

इतिवृत्त २० जुलैला लिहायला घेतलं आणि मिस्त्री तोवर येऊनही गेला, अशी वेळ येते. मग ‘येणार असल्याचे’ लिहिताना हात अडखळतो. आलाच आहे तर ‘आला’ लिहू, असं वाटतं. नका लिहू. वही १२ जुलैची आहे, त्या दिवशी तो यायचा होता. मिस्त्री १४ ला आलाच नसेल, १६ ला आला असेल, तरी ‘१४ जुलै रोजी येणार असल्याचे’ हेच बरोबर. प्रत्यक्षात काय झालं ते पुढच्या सभेत ‘मागील सभेतील ठरावांवरील कार्यवाही’ या विषयाखाली येईल: ‘मिस्त्रीने दि. १६ जुलै रोजी कॉम्प्रेसरची तपासणी केल्याचे संचालकांनी सांगितले.’ तिथे ते खऱ्या भूतकाळात शोभतं. दोन वह्यांतल्या दोन तारखांतून उशीर किती झाला तेही दिसतं. मागच्या तारखेत घुसवलं तर तो उशीर कागदावरून नाहीसा होतो, आणि जबाबदारी कुणाची हे कुणालाच ठरवता येत नाही.

वही आधीच चुकली असेल तर

इतिवृत्त कायम व्हायच्या आधी चूक लक्षात आली तर सोपं आहे. कायम करण्याच्या विषयावर संबंधित संचालकाला बोलू द्या आणि दुरुस्ती नव्या सभेच्या इतिवृत्तात लिहा: ‘दि. १२ जुलै रोजीच्या सभेच्या इतिवृत्तातील विषय क्र. ४ मध्ये “कॉम्प्रेसरची दुरुस्ती करण्यात आली” याऐवजी “कॉम्प्रेसरची दुरुस्ती करून घेण्याचे ठरले” असे वाचावे. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले.’ जुनं वाक्य आणि नवं वाक्य, दोन्ही पूर्ण द्यायची. ‘योग्य ती दुरुस्ती करून’ असं मोघम लिहिलं तर काय दुरुस्त झालं हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.

कायम होऊन सही झाली असेल तर जुन्या पानावर खाडाखोड करू नका, पांढरा रंग फासू नका, पान बदलू तर नकाच. चालू सभेत चेअरमनच्या परवानगीने विषय घ्या, कोणत्या तारखेच्या सभेतलं कोणतं वाक्य आणि त्याचा खरा अर्थ काय होता ते ठरावाने नोंदवा. त्यानंतर जुन्या पानाच्या समासात फक्त ‘पाहा: दि. … ची सभा, ठराव क्र. …’ एवढं लिहून चेअरमन आणि सेक्रेटरी यांनी तारखेसह छोटी सही करावी. लेखापरीक्षक जुनं पान उघडेल तेव्हा तो तिथूनच नव्या ठरावाकडे जाईल, आणि ऑगस्टचं बिल जुलैच्या ठरावाशी जुळेल.